घरातल्या बोलक्या यंत्राला नाव ठेवताना: हाक एकाला, ओ दुसऱ्याची असं होऊ नये म्हणून

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. घरात नऊ माणसं आणि ओसरीला लागून एक मोठी खोली. आजीच्या दोन्ही डोळ्यांना कमी दिसतं. रात्री उठल्यावर बटण चाचपत ती भिंतीभिंतीने फिरायची, म्हणून आम्ही आवाजावर चालणारं यंत्र बसवलं. हाक मारली की लाईट लागतो, पंखा बंद होतो. यंत्र बसवायला दोन दिवस लागले, पण त्याचं नाव ठरवायला दोन महिने गेले. त्यात आम्ही तीन नावं बाद केली. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. यंत्राला शब्द कळत नाही. ते सतत कान देऊन असतं आणि आवाजाचा प्रत्येक छोटा तुकडा त्याला शिकवलेल्या नावाशी ताडून पाहतं. किती जुळलं याचा ० ते १ मध्ये एक आकडा काढतं, आणि आकडा ठरलेल्या रेषेच्या वर गेला की जागं होतं. त्यामुळे तुम्ही ‘राजू’ म्हणालात की ‘काजू’, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आवाजाचा आकार जुळला की झालं.

लागणारं सामान

- एक वही आणि पेन
- यादीसाठी घरातलं सगळ्यात जुनं माणूस आणि सगळ्यात लहान बोलतं मूल, दोघंही
- कागदाच्या वीस-पंचवीस चिठ्ठ्या
- कूलर, चालू स्थितीत (का ते पुढे येईल)
- भिंतीवरचं कॅलेंडर, रोजच्या चुका मोजायला
- स्वतःचं नाव शिकवायचं असेल तर गुगलचं खातं आणि तासभर बऱ्यापैकी इंटरनेट

## १. तुमच्या यंत्रात नाव बदलता येतं का, ते आधी पाहा

गुगलच्या स्पीकरला ‘हे गुगल’ किंवा ‘ओके गुगल’ म्हणूनच हाक मारावी लागते. तिथे तुमच्या पसंतीचं नाव चालत नाही. अलेक्साच्या यंत्रात कंपनीने दिलेल्या मोजक्या नावांतून निवड करता येते: Alexa, Amazon, Echo, Computer, Ziggy. तुमच्या यंत्राच्या भाषेप्रमाणे यातली कोणती दिसतात ते ॲपमध्ये बघून घ्या.

ही नावंही खालच्या कसोट्यांना लावून पाहायची. ‘इको’ आमच्याकडे चालणारच नव्हतं. गावातून तालुक्याला सवारी नेणारी गाडी इकोच आहे, आणि सकाळी सहापासून ‘इको आली का’, ‘इको गेली का’ चालू असतं. त्यात ‘ऐक ओ’ हेही त्याच्या फार जवळचं. ज्या घरात पोरगं कॉम्प्युटरच्या क्लासला जातं तिथे ‘कॉम्प्युटर’ नको.

पूर्णपणे आपलं नाव हवं असेल तर Home Assistant हे घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर आणि त्यासोबतचं, हाक ओळखणारं openWakeWord हा मार्ग आहे. आम्ही तोच घेतला. घरातल्या एका लहान संगणकावर ते चालतं आणि ATOM Echo नावाचा, काडेपेटीहून लहान डबा आवाज ऐकून त्याच्याकडे पाठवतो.

## २. हाकांची यादी करा, नावांची नाही

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. रेशनकार्डावरची नावं बघून लोक म्हणतात, ‘आमच्याकडे या नावाचं कोणी नाही.’ पण रेशनकार्डावरच्या नावाने घरात हाक कोण मारतं? माझ्या भावाचं नाव गजानन. आई त्याला गजू म्हणते, मित्र गज्या म्हणतात, आणि आजी लांबून ओरडते तेव्हा ते ‘गजूऽऽ’ होतं. यंत्राच्या कानावर हे तीन वेगळे आवाज पडतात आणि कागदावरचा ‘गजानन’ हाक म्हणून कधीच पडत नाही.

म्हणून वही घेऊन दोन दिवस ओसरीवर बसा आणि कानावर पडेल ती प्रत्येक हाक लिहा. नात्याच्या हाका (आबा, माय, काकाजी, वहिनी, बापू), लाडाची नावं, चिडून मारलेल्या हाका, शेजारच्या घरातून ऐकू येणाऱ्या हाका, बैलांची नावं, कुत्र्याचं नाव, सगळं. आमची यादी अठ्ठेचाळीस हाकांची झाली. माणसं नऊच आहेत.

यात आणखी दोन गोष्टी घाला. एक, देवाधर्माचे शब्द. विदर्भात दारात आलेला माणूस ‘जय गजानन’ नाहीतर ‘जय गुरुदेव’ म्हणतो, संध्याकाळी भजन असतं, सकाळी मोबाईलवर हरिपाठ लागतो. ‘विठू’ किंवा ‘माऊली’ असं नाव ठेवलं तर भजन संपेपर्यंत लाईट लागत-विझत राहतील. दोन, फोनवर बोलण्याची घरातली ठरलेली वाक्यं. त्यांनी आम्हाला कसं फसवलं ते पुढे सांगतो.

## ३. जे नाव घरातली बाई घेत नाही, ते यंत्राला देऊ नका

हे मला आजीने शिकवलं. जुन्या बायका नवऱ्याचं, सासऱ्याचं, थोरल्या दिराचं नाव तोंडाने घेत नाहीत. आमच्या आबांचं नाव तुळशीराम, म्हणून आजी अंगणातल्या तुळशीलाही ‘वृंदावन’ म्हणते. साठ वर्षांत तिने तो शब्द उच्चारलेला नाही. अशा घरात यंत्राचं नाव ‘तुळसा’ ठेवलं, तर ज्या माणसासाठी यंत्र आणलं तेच माणूस त्याला हाक मारणार नाही, आणि का मारत नाही हे सांगणारही नाही.

म्हणून नाव पक्कं करायच्या आधी ते प्रत्येकाला प्रत्यक्ष म्हणायला लावा. कोणी नुसती मान हलवली तर त्याला होकार समजू नका.

## ४. नावाचे ठोके मोजा आणि स्वर लिहा

आमचं पहिलं नाव होतं ‘छोटू’. डबा लहान, म्हणून पोरांनी ठेवलं. नाव गोड, पण ते पाच दिवसही टिकलं नाही. ‘गजू’ म्हटलं की जागं, ‘गोटू’ म्हटलं की जागं. सगळ्यात जास्त त्रास ‘फोटू’ने दिला. आमच्याकडे फोटोला फोटूच म्हणतात आणि पोरं दिवसभर ‘फोटू काढ, फोटू दाखव’ करत असतात.

कारण सोपं आहे. मराठीत लाडाची नावं बहुतेक दोन ठोक्यांची, म्हणजे रा-जू अशी दोन तुकड्यांत म्हणायची असतात आणि शेवटी ऊ, ई नाहीतर या येतो: राजू, सोनू, पिंटू, पिंकी, चिंगी, पक्या. तुम्ही दोन ठोक्यांचं गोंडस नाव शोधायला निघालात की हमखास याच गर्दीत शिरता. अलेक्साच्या यादीतलं ‘झिगी’ही याच गर्दीतलं.

हे टाळायला आम्ही एक पद्धत वापरली. नावातली व्यंजनं खोडायची आणि फक्त स्वर लिहायचे. छोटू म्हणजे ओ-ऊ. फोटू म्हणजे ओ-ऊ. गोटूही ओ-ऊ. गजू अ-ऊ, म्हणजे अर्धा तोच. खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत व्यंजनं पुसट होतात, कारण आवाजाचा जोर स्वरांत असतो. ज्या दोन शब्दांचे स्वर सारखे, ते लांबून सारखेच ऐकू येतात.

तेव्हा नियम असा धरा: तीन-चार ठोके हवेत, आणि स्वरांची ओळ यादीतल्या कुठल्याही हाकेसारखी नको. नाव लहानच आवडत असेल तर मागे-पुढे एखादा ठोका जोडा. फक्त ‘हॅलो’ जोडू नका. फोन आला की घोटाळा होईल.

## ५. कूलरच्या आवाजात टिकणारी अक्षरं घ्या

एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे दुपारी कूलर बंद नसतो. त्या घरघरीत स, श, फ, ह ही हवेची अक्षरं आधी बुडतात, कारण कूलरचा आवाज स्वतःच तसा फुसफुसता आहे. ‘सुगरण’, ‘शेवंती’ अशी नावं कितीही सुंदर असली तरी त्यांची सुरुवातच हरवते. ग, ब, ड, म, न, ल, र ही अक्षरं बरी तरतात.

दुसरं कारण शिकवण्याच्या पद्धतीत आहे. openWakeWord ला नाव शिकवताना तुम्ही आवाज द्यायचा नसतो. संगणकच बनावट आवाजांत ते नाव हजारो वेळा म्हणतो आणि त्यावरून शिकतो. पण ते बनावट आवाज इंग्रजी बोलणारे आहेत. त्यांना ळ येत नाही. ख, घ, ठ, ढ, भ यांतला श्वास नीट येत नाही. त आणि ट यांतला फरक आपल्यासारखा नाही. ‘पळस’ शिकवायला गेलात तर यंत्र ‘पलस’ शिकेल, आणि आजी मात्र ‘पळस’च म्हणणार. तेव्हा इंग्रजी तोंडातूनही साधारण तसंच निघेल असं नाव निवडा.

## ६. पाठमोरी परीक्षा घ्या

यंत्राला काहीही शिकवण्याआधी ही परीक्षा माणसाच्या कानावर घ्या. वीस चिठ्ठ्या करा. पाच चिठ्ठ्यांवर निवडलेलं नाव, उरलेल्या पंधरांवर यादीतल्या जवळच्या हाका. चिठ्ठ्या मिसळा. कूलर चालू करा. एकाने खोलीच्या टोकाला पाठ करून बसायचं, दुसऱ्याने स्वयंपाकघराच्या दारातून एकेक चिठ्ठी नेहमीच्या आवाजात वाचायची. पाठमोऱ्याने नाव ऐकू आलं असं वाटलं की हात वर करायचा.

माणसाचा कान यंत्रापेक्षा खूप हुशार आहे, कारण त्याला मराठी कळतं. माणूस दोनदा फसला तर ते नाव सोडून द्या. यंत्र तिथे नक्की फसेल.

## ७. आमचं नाव कसं ठरलं

‘छोटू’नंतर मी ‘टिटवी’ सुचवलं. टिट-वी, ठोके दोनच, पण यादीत तसं काही नाही. आजी ऐकताच म्हणाली, “हे नाव नको बापा. टिटवी रात्री वरडली का घरात बरं होत नाही.” शिवाय यंत्राला हाक मारायची ती रात्रीच. विषय तिथेच संपला, आणि तो तसा संपला हे बरंच झालं.

मग ‘अबोली’. फुलाचं नाव, अ-ओ-ई असे तीन वेगळे स्वर, आजीलाही पसंत. पाठमोऱ्या परीक्षेत पास. यंत्राला शिकवलं, बसवलं आणि पहिल्याच सकाळी आबांना फोन आला. आबा म्हणाले, “हां, आबा बोलतो.” यंत्र जागं झालं. ‘आबा बोल’ आणि ‘अबोल’ यांत लांबून फरक उरत नाही. दिवसातून आठ-दहा फोन येतात आणि प्रत्येक फोनची सुरुवात हीच. चूक माझी होती. मी हाकांची यादी केली होती, पण दोन शब्द शेजारी आल्यावर काय आवाज तयार होतो ते पाहिलं नव्हतं. तुम्ही नाव तपासताना ‘आबा बोलतो’, ‘माय इकडे ये’, ‘भाऊ थांब’ अशी रोजची जोडवाक्यं जोरात म्हणून बघा.

चौथं नाव अंगणातून आलं. दारासमोर गुलमोहर आहे. आजी त्याला ‘गुलमोर’ म्हणते, आई-बाबाही तेच. शाळेतली पोरं ‘गुलमोहर’ म्हणतात. अशा वेळी कोणता उच्चार शिकवायचा? ज्याच्यासाठी यंत्र आहे त्याचा. पोरं दोन दिवसांत नवा उच्चार शिकतात, आजी कशाला शिकेल? ‘गुलमोर’चे गुल-मोर असे दोनच ठोके भरतात, म्हणून पुढे ‘ओ’ जोडला. ‘ओ बाई’, ‘ओ भाऊ’ म्हणायची सवय असतेच. ओ-उ-ओ ही स्वरांची ओळ आमच्या अठ्ठेचाळीस हाकांत कुठेच नव्हती. शेजारी गुलाबकाकू आहेत, पण ‘गुलाब’मध्ये उ-आ, शेवट वेगळा. चिठ्ठ्यांच्या परीक्षेत आई वीसपैकी एकदाही फसली नाही.

## ८. शिकवणं आणि बसवणं

Home Assistant च्या संकेतस्थळावर स्वतःचं नाव शिकवण्याचं पान आहे. तिथून Google Colab ची वही, म्हणजे गुगलच्या संगणकावर चालणारं पान, उघडते. त्यात नाव रोमन अक्षरांत लिहायचं, आणि स्पेलिंग न बघता उच्चार बघून लिहायचं. आम्ही आधी `o gulmor` लिहिलं तर बनावट आवाज ‘ओ गल्मर’ म्हणाला. मग असं लिहिलं:

```
target_word = 'oh_gool_more'
```

तो नमुना ऐकण्याची सोय तिथेच आहे. नमुना आजीला ऐकवा. तिने “हां, गुलमोर” म्हटल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पुढचा तासभर संगणक हाच उच्चार घोकणार आहे.

शेवटी `.tflite` अशी फाईल मिळते. ती `/share/openwakeword` मध्ये ठेवायची, openWakeWord पुन्हा सुरू करायचं आणि आवाजाच्या सेटिंगमध्ये नवं नाव निवडायचं. एकदा बसलं की नाव ओळखायला इंटरनेट लागत नाही. वीज मात्र लागते. आमच्याकडे लाईट जाते तेव्हा यंत्र मुकं होतं, म्हणून आजीच्या उशाशी बॅटरी ठेवलेलीच आहे.

## ९. आठवडाभर खुणा करा

कॅलेंडरवर रोज दोन प्रकारच्या खुणा करायच्या. हाक मारूनही जागं झालं नाही तर फुली. न बोलावता जागं झालं तर गोल, आणि गोलाशेजारी त्या वेळी कोण काय बोललं ते लिहायचं. हे लिहिलेलं फार कामाला येतं.

फुल्या जास्त झाल्या तर आधी डब्याची जागा बदला. तो कूलरच्या समोर किंवा टीव्हीच्या डोक्यावर नको. गोल जास्त झाले तर openWakeWord मधली `threshold` ही रेषा थोडी वर सरकवा. ती मुळात ०.५ वर असते. वर नेली की चुकून जागं होणं कमी होतं, पण हळू मारलेली हाकही सुटू लागते. एका वेळी ०.०५ पेक्षा जास्त हलवू नका, आणि प्रत्येक बदलानंतर सगळ्यात हळू आवाजाच्या माणसाकडून दहा हाका मारून घ्या. आमच्याकडे आजीच्या दहापैकी नऊ हाका लागल्या की आम्ही थांबतो.

कंपनीचं यंत्र असेल तर गोलांकडे जास्त लक्ष द्या. तिथे चुकून जागं झालं की त्यापुढचं बोलणं कंपनीच्या सर्व्हरकडे जातं.

आमच्या कॅलेंडरवर पहिल्या आठवड्यात तीन गोल आले. एक टीव्हीवरच्या मालिकेमुळे, एकाचं कारण कळलं नाही. तिसरा पोळ्याच्या दिवशीचा. पुरणाचं चाललं होतं आणि माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “अवो, गूळ मोडून द्या.” यंत्र जागं झालं. नीट ऐकून पाहा: ‘ओ गूळ मोड’ आणि ‘ओ गुलमोर’. ळ-ल, ड-र हे फरक त्या इंग्रजी आवाजांकडून शिकलेल्या यंत्राला कळण्यासारखे नाहीत. रेषा ०.६ वर नेली, तरी दोनदा म्हटल्यावर एकदा जागं झालंच. त्याहून वर नेली तर आजीच्या हाका सुटत होत्या. शेवटी आम्ही नाव तेच ठेवलं, रेषा ०.५५ वर आणली आणि पुरणाच्या दिवशी गूळ आधीच फोडून ठेवायचा ठरवला.